सॉकेट टेस्टरचे दिवे चुकीचे लागले तर: फेज-न्यूट्रल उलटे, अर्थिंग गायब की न्यूट्रल तुटलेला?

सॉकेट टेस्टर म्हणजे तीन पिनांचा, मुठीत मावेल एवढा प्लग. त्याच्या पाठीवर तीन छोटे दिवे असतात आणि शेजारी एक स्टिकर: कोणते दिवे लागले की काय बिघाड समजायचा याचा तक्ता. नवीन माणूस प्लग खोचतो, दिवे बघतो, स्टिकरवरची ओळ वाचतो आणि तीच खरी धरून चालतो. तीन-चार वेळा हे बरोबर निघतं. मग एक दिवस स्टिकर सांगतो, ‘फेज आणि अर्थ उलटे’, आणि बोर्ड उघडून बघावं तर प्रत्येक वायर आपल्या जागी असते. हे का होतं ते कळायला स्टिकर बाजूला ठेवून दिव्यांकडे बघायला शिकावं लागतं. ते अवघड नाही.

तीन दिवे, तीन जोड्या

सॉकेटला भोकं तीन. आपल्याकडच्या सॉकेटसमोर उभं राहिलं की वरचं मोठं भोक अर्थचं, खाली उजवीकडचं फेजचं आणि डावीकडचं न्यूट्रलचं. तीन भोकांच्या जोड्याही तीनच होतात: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. टेस्टरमधला प्रत्येक दिवा यांतल्या एकेका जोडीवर बसवलेला असतो. त्या दोन भोकांमध्ये दाब असेल तर दिवा लागतो, नसेल तर लागत नाही. टेस्टरला एवढंच कळतं. कोणती वायर कुठून आली, कोणत्या रंगाची आहे, कुठे तुटली, यातलं काहीही त्याला कळत नाही.

सगळं नीट असेल तेव्हा फेज-न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट असतात, फेज-अर्थमध्येही साधारण तेवढेच. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मात्र फार तर दोन-चार व्होल्ट. म्हणून चांगल्या सॉकेटवर दोन दिवे लागतात आणि न्यूट्रल-अर्थचा विझलेला राहतो.

दिव्यांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, त्यामुळे ‘डावीकडचा दिवा’ असं पाठ करून उपयोग नाही. आपल्या टेस्टरवर कोणता दिवा कोणत्या जोडीचा, हे त्याच स्टिकरवरून काढता येतं. ‘अर्थ नाही’ या ओळीत जो एकच दिवा लागलेला दाखवला आहे, तो फेज-न्यूट्रलचा. ‘न्यूट्रल नाही’ या ओळीत जो एकटा लागतो, तो फेज-अर्थचा. उरला तो न्यूट्रल-अर्थचा. पेनाने टेस्टरवर फे-न्यू, फे-अ, न्यू-अ असं लिहून ठेवा. पुढचं सगळं यावरच चालणार आहे.

खोचण्याआधी

टेस्टर २३०-२४० व्होल्टचा आहे ना, हे आधी बघा. ऑनलाइन अमेरिकन चपट्या पिनांचे ११०-१२५ व्होल्टचे टेस्टरही मिळतात, ते आपल्याकडे लावायचे नाहीत. परदेशी पिनांचा टेस्टर अॅडॅप्टरमधून लावायची वेळ आली तर तो अॅडॅप्टरच संशयित धरा. बऱ्याच स्वस्त अॅडॅप्टरमध्ये अर्थची पिन दिखाऊ असते, आत कशालाच जोडलेली नसते. मग घरातलं प्रत्येक सॉकेट ‘अर्थ नाही’ असं दाखवत सुटतं. म्हणून सरळ भारतीय सहा अँपियर पिनांचा टेस्टर घ्यावा. गीझर-एसीच्या बऱ्याच सोळा अँपियर सॉकेटमध्येही तो बसतो, कारण त्यांना दोन्ही मापांची भोकं असतात.

जे सॉकेट चांगलं आहे अशी खात्री आहे, तिथे टेस्टर एकदा लावून बघा, म्हणजे त्याचे दिवे शाबूत आहेत हे कळेल. घरात इन्व्हर्टर असेल तर तपासणी लाइट असतानाच करा. बॅटरीवर चालताना काही इन्व्हर्टरचा न्यूट्रल अर्थशी बांधलेला राहत नाही आणि दिवे भलतंच काही दाखवतात. एक्स्टेन्शन बोर्डावर चुकीचे दिवे दिसले तर भिंतीतलं सॉकेट तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. कितीदा तरी दोष त्या एक्स्टेन्शनमध्येच निघतो.

आता टेस्टर खोचा, बटण चालू करा, दिवे लिहून ठेवा. मग टेस्टर तसाच ठेवून बटण बंद करा आणि पुन्हा बघा. ही पायरी कुठल्या स्टिकरवर नसते, पण मला ती अर्ध्या तपासणीएवढी मोलाची वाटते. बटण बंद केल्यावर तिन्ही दिवे विझायला हवेत. एखादा ठळक लागलेला राहिला, तर बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडतं आहे. म्हणजे बटण ‘बंद’ असताना सॉकेटच्या एका भोकात पूर्ण फेज उभा आहे. गंमत अशी की बटण चालू असताना हेच सॉकेट ‘सगळं ठीक’ असंही दाखवू शकतं.

फेज आणि न्यूट्रल उलटे

दिवे: फेज-न्यूट्रल लागलेला, न्यूट्रल-अर्थ लागलेला, फेज-अर्थ विझलेला.

कारण सरळ आहे. न्यूट्रलच्या भोकात फेज आला आहे, म्हणून त्या भोकाचं अर्थशी २३० व्होल्टचं नातं जुळलं. फेजच्या भोकात न्यूट्रल आहे, म्हणून तिकडचा दिवा विझला.

अशा सॉकेटवर मिक्सर चालतो, टीव्ही चालतो, मोबाइल चार्ज होतो. म्हणून हा दोष वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. दोन पिनांच्या चार्जरला काही फरकही पडत नाही, तो तसाही दोन्ही बाजूंनी लावता येतो. फरक पडतो तो उपकरणाचं स्वतःचं बटण किंवा फ्यूज एकाच वायरवर असेल तिथे. टोस्टरचं बटण फेज तोडेल या हिशेबाने बसवलेलं असतं. सॉकेट उलटं असेल तर ते न्यूट्रल तोडतं. टोस्टर थंड असतो, तार लाल नसते, तरी ती तार पूर्ण २३० व्होल्टवर असते. अडकलेला पाव काढायला कुणी सुरी घातली की शॉक तिथे बसतो.

आता बटण बंद केल्यावर काय झालं ते आठवा. तिन्ही दिवे विझले असतील, तर बटण फेजच तोडतं आहे आणि अदलाबदल फक्त सॉकेटच्या पाठीमागच्या दोन स्क्रूंवर झाली आहे. मेन बंद करून त्या दोन वायरी एकमेकींच्या जागी लावल्या की काम झालं. पण बंद केल्यावरही न्यूट्रल-अर्थचा दिवा लागलेला राहिला, तर अदलाबदल बटणाच्या आधीच झालेली आहे, बोर्डात येणाऱ्या वायरींत किंवा त्याही मागे. मग शेजारचे बोर्ड तपासा. एकाच बोर्डावर असेल तर त्या बोर्डाच्या आत शोधा. घरातलं प्रत्येक सॉकेट उलटं दाखवत असेल तर चूक डीबीवर, म्हणजे घराच्या एमसीबी असलेल्या मुख्य पेटीत, किंवा मीटरकडून येणाऱ्या मेन वायरींत आहे, आणि ते काम परवानाधारक वायरमनचं. अशा घरात सॉकेटचे स्क्रू बदलत सुटलात तर सॉकेट सरळ दिसतील, पण बटणं न्यूट्रलच तोडत राहतील.

याच घरात आणखी एक धोका लपलेला असतो. डीबीमधला साधा एकपदरी एमसीबी एकच वायर तोडतो. मेनच उलटी असेल तर तो न्यूट्रल तोडतो, आणि एमसीबी खाली पाडूनही बोर्डात फेज जिवंत राहतो. म्हणून बोर्ड उघडायचा असेल तेव्हा नुसत्या एमसीबीवर विसंबू नका. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा मेन स्विच बंद करा, इन्व्हर्टरही बंद करा, आणि पेचकसासारखा निऑन टेस्टर आधी जिवंत ठिकाणी पेटतो हे पाहून मगच प्रत्येक वायरीला लावा.

अर्थिंग नाही

दिवे: फक्त फेज-न्यूट्रल लागलेला.

जुन्या चाळी, वाडे, सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या इमारती इथे हे इतकं सर्रास दिसतं की लोकांना ते नेहमीचंच वाटतं. तीन भोकांचं सॉकेट बसवलेलं असतं, पण वरच्या भोकामागे वायरच नसते. एखाद्या टेस्टरवर या अवस्थेत बाकीचे दोन दिवे अगदी मंद मिणमिणतात. अर्थची पिन कशालाच जोडलेली नसल्यामुळे ते दोन दिवे एकामागे एक फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये येतात आणि दाब दोघांत वाटला जातो. मंद मिणमिणणं म्हणजे ‘लागला’ नव्हे.

उपकरण तेव्हाही नीट चालतं. पण वॉशिंग मशीनच्या पत्र्याला ओला हात लागला की झिणझिण्या येतात, लॅपटॉपच्या धातूच्या पाठीवरून बोट फिरवलं की खरखर जाणवते. या उपकरणांच्या आतल्या फिल्टरमधून थोडासा प्रवाह बॉडीवर येतो. अर्थिंग असतं तर तो मुकाट जमिनीत गेला असता. तो प्रवाह अगदी थोडा असतो, पण ज्या वाटेने तो जायला हवा ती वाट बंद आहे, हे तो सांगतो. उद्या मशीनमधली एखादी वायर घासून पत्र्याला टेकली तर पत्रा पूर्ण फेजवर येईल आणि एमसीबी पडणार नाही, कारण प्रवाहाला वाटच नाही. हात लावणारा माणूसच ती वाट होईल.

एकाच सॉकेटवर हे दिसलं तर मागे हिरवी वायर निसटलेली असते किंवा स्क्रू ढिला असतो. सगळ्या घरात दिसलं तर डीबीतली अर्थची पट्टी, तिथून खाली जाणारी तार आणि अर्थिंगचा खड्डा, या क्रमाने शोधावं लागतं.

इथे एक गोष्ट हात जोडून सांगतो. काही जण अर्थच्या भोकाला सॉकेटमध्येच न्यूट्रलशी तुकडा जोडून देतात. टेस्टर लगेच ‘ठीक’ दाखवतो, गिऱ्हाईक खूश होतं. पुढे कधी त्या सॉकेटकडे येणारा न्यूट्रल कुठे सुटला, तर फेज उपकरणातून फिरून न्यूट्रलवर येतो आणि त्या तुकड्यातून थेट उपकरणाच्या पत्र्यावर. अर्थिंग नसलेलं सॉकेट याच्यापेक्षा बरं. नळाच्या पाइपलाही अर्थ जोडू नका. मध्ये कुठेतरी प्लॅस्टिकचा पाइप असतो आणि मग वरच्या मजल्यापर्यंतच्या नळांना करंट येऊ शकतो. खरा उपाय म्हणजे डीबीपासून हिरवी वायर ओढणं. ते होईपर्यंत ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, ज्याला बरेच जण अजून ईएलसीबीच म्हणतात, तो बसवून घ्या. अर्थिंग नसतानाही माणसातून प्रवाह गेला की तो पडतो. फक्त पडायच्या आधी शॉक जाणवतो, म्हणून तो अर्थिंगची जागा घेत नाही.

न्यूट्रल तुटलेला, आणि स्टिकरने केलेली फसवणूक

पुस्तकी दिवे: फक्त फेज-अर्थ लागलेला. फेज आहे, अर्थ आहे, न्यूट्रल कशालाच जोडलेला नाही. उपकरण चालत नाही.

प्रत्यक्षात हे दिवे फार क्वचित दिसतात. एक घर सांगतो. स्वयंपाकघरात तीन बोर्ड, डीबीतून निघालेली एकच लाइन: पहिल्या बोर्डातून लूप दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. तिसऱ्या बोर्डावर मिक्सर चालेनासा झाला. त्याच बोर्डावरचा एक्झॉस्ट फॅनही बंद पडला होता, पण तो जुना म्हणून गेला असेल असं घरच्यांनी धरलं होतं. निऑन टेस्टर लावला तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटला. वायरमनच्या भाषेत ‘रिटर्न येतोय’. सॉकेट टेस्टर लावला तर फेज-अर्थ लागलेला, न्यूट्रल-अर्थ लागलेला, फेज-न्यूट्रल विझलेला. स्टिकर म्हणाला: फेज आणि अर्थ उलटे.

आता विचार करा. त्या बोर्डाला कित्येक वर्षांत कुणी हात लावलेला नाही आणि परवापर्यंत मिक्सर चालत होता. वायरी आपोआप जागा बदलत नाहीत. मग न्यूट्रलच्या भोकात फेज आला कुठून?

एक्झॉस्ट फॅनचं बटण चालूच राहिलं होतं. फेज बटणातून फॅनच्या वाइंडिंगमध्ये गेला, तिथून पलीकडच्या काळ्या, म्हणजे न्यूट्रलच्या, वायरीवर आला. न्यूट्रल पुढे तुटलेला, म्हणून परत जायला जागा नाही. म्हणून त्या बोर्डातली सगळी काळी वायर फेजच्या दाबावर येऊन उभी राहिली. आता फेजच्या भोकात फेज आणि न्यूट्रलच्या भोकातही फेज, दोघांत फरक शून्य, तो दिवा विझला. दोघांचाही अर्थशी फरक २३०, म्हणून ते दोन दिवे लागले. फेज आणि अर्थ खरंच उलटे असते तरी नेमके हेच दिवे दिसले असते. टेस्टरला यातला फरक कळायची सोयच नाही.

फरक आपण काढायचा. फॅनचं बटण बंद केलं आणि न्यूट्रल-अर्थचा दिवा विझला. ठळक उरला तो एकटा फेज-अर्थ, म्हणजे पुस्तकातला ‘न्यूट्रल नाही’. फेज-अर्थ खरंच उलटे असते तर बटणं बंद करून दिवे बदलले नसते. म्हणून हा नियम धरा: ‘फेज-अर्थ उलटे’ असं दिसलं की त्या लाइनवरची सगळी उपकरणं काढा, पंख्या-दिव्यांची बटणं बंद करा आणि पुन्हा बघा. दहातल्या बहुतेक वेळी न्यूट्रलच निघेल.

मग तुटलेली जागा शोधायची. दुसऱ्या बोर्डावर टेस्टर ‘ठीक’ दाखवत होता. म्हणजे तिथपर्यंत न्यूट्रल आहे, तिसऱ्यापर्यंत नाही. जागा दोनच: दुसऱ्या बोर्डातून पुढे निघणारा लूप, किंवा तिसऱ्यात तो येतो तो स्क्रू. मेन आणि इन्व्हर्टर बंद करून, निऑन टेस्टरने खात्री करून, दुसरा बोर्ड उघडला. सॉकेटच्या न्यूट्रल स्क्रूखाली दोन काळ्या वायरी होत्या. एक घट्ट, दुसरी ओढताच हातात आली. तिचं टोक काळंठिक्कर पडलेलं, कव्हर बोटभर अंतरापर्यंत कडक होऊन तडकलेलं. स्क्रू ढिला असल्याने ती तिथे महिनोन्महिने तापत होती. जळका भाग कापून ताजं तांबं उघडं केलं, दोन्ही टोकं एकत्र पिळून स्क्रू आवळला, एकेक वायर ओढून पाहिली. मेन चालू केल्यावर तिसऱ्या बोर्डावर टेस्टर फॅन बंद ठेवून एकदा आणि फॅन चालू करून एकदा लावला. दोन्ही वेळा ‘ठीक’. जुना म्हणून मोडीत काढलेला एक्झॉस्ट फॅनही फिरायला लागला.

या दोषाचा खरा धोका हा की काहीच चालत नसल्यामुळे लोकांना वाटतं लाइट गेली आहे, आणि ते बोर्डात हात घालतात. तेव्हा काळी वायरही फेजच असते.

न्यूट्रल फक्त एका बोर्डाचा न जाता इमारतीच्या थ्री फेज मेनवरचा तुटला तर प्रकार वेगळा आणि तातडीचा. काही घरांत दिवे मिणमिणे होतात, काहींत अचानक भगभगीत, कारण घरं दोन फेजच्या मध्ये सापडतात आणि एखाद्या घराला ४०० व्होल्टच्या जवळपास दाब मिळू शकतो. असं दिसलं तर टेस्टर शोधत बसू नका. मेन बंद करा, शेजाऱ्यांना सांगा आणि महावितरणकडे किंवा तुमच्या वीजकंपनीकडे तक्रार नोंदवा.

‘ठीक’ दाखवलं तरी

दिव्यांना लागायला नाममात्र प्रवाह पुरतो. त्यामुळे उन्हाळ्यात कोरडा पडलेला अर्थिंगचा खड्डाही टेस्टरवर ‘ठीक’ दिसतो. अर्थिंग आहे एवढं कळतं, ते दोषाचा पूर्ण प्रवाह झेलेल की नाही ते कळत नाही. त्यासाठी मीटर घेऊन येणारा माणूस हवा. न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांच्या जागी असतील तरी टेस्टर ‘ठीक’च म्हणतो, कारण दोघांचा दाब जवळपास सारखा. घरात आरसीसीबी असेल तर तो मात्र त्या सॉकेटवर उपकरण लावताच पडतो.

सगळ्यांत वाईट जोडी म्हणजे उलटे फेज-न्यूट्रल आणि त्यावर न्यूट्रलच्या भोकाला जोडलेला अर्थचा तुकडा. दिवे मोजून बघा: फेज-न्यूट्रल लागतो, फेज-अर्थ लागतो, तिसरा विझतो. अगदी चांगल्या सॉकेटसारखे. प्रत्यक्षात अर्थच्या भोकात पूर्ण फेज आहे आणि तिथे लावलेल्या फ्रिजचा पत्राही फेजवर. म्हणून अनोळखी घरात सॉकेट टेस्टरने ‘ठीक’ म्हटल्यावरही निऑन टेस्टरचं टोक एकदा वरच्या अर्थच्या भोकात घालून बघा. तिथे तो पेटता कामा नये.

टेस्टरवर आरसीसीबी तपासायचं बटण असेल, तर ते दिवे ‘ठीक’ दाखवत असतील तेव्हाच दाबा. ते बटण फेजमधून थोडा प्रवाह अर्थच्या वायरीत सोडतं. वायर पुढे तुटलेली असेल तर तो त्या वायरीला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाच्या पत्र्यावर जाऊन थांबतो, आणि त्या क्षणी पलीकडच्या खोलीत कुणाचा हात फ्रिजच्या दारावर असू शकतो.